दोन मिनिटांच्या खंडनात नेमक्या मुद्द्याला हात कसा घालायचा?

"आम्ही कोपरखैरण्याच्या दोघी, एसवाय बीएला आहोत. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद आहे, विषय 'महानगरपालिकेची बससेवा सर्वांसाठी मोफत असावी', आमची बाजू अनुकूल. मुख्य भाषण ५ मिनिटं, शेवटी खंडन २ मिनिटं. सराव फेरीत परीक्षक म्हणाले, 'बोललात छान, पण मुद्द्याला हात घातला नाहीत.' प्रतिपक्षाचे मुद्दे पाच: पैसा कुठून आणणार, त्याच पैशात बस वाढवा, फुकट गोष्टीची किंमत राहत नाही, नुसती गर्दी होईल, रिक्षावाल्यांचं काय. आमचं खंडन असं सुरू होतं: 'प्रतिपक्षातील मित्रांनी अतिशय सुंदर मांडणी केली, त्यांचं अभिनंदन. पण मला विचारावंसं वाटतं, शिक्षण मोफत, लस मोफत, मग बस का नको? ते म्हणाले, पैसा कुठून आणणार. अहो, लक्झेंबर्गने २०२० मध्ये करून दाखवलं! इच्छा तिथे मार्ग. ते म्हणाले, त्याच पैशात बस वाढवा. बस तर वाढवायच्याच आहेत! ते म्हणाले, फुकट गोष्टीची किंमत राहत नाही. मग झाडाच्या सावलीला किंमत नाही का?' आणि असंच पुढे. यात नेमकं काय बदलू?"

तुमच्या कागदावर पाचही मुद्द्यांना उत्तर आहे, आणि घोटाळा तिथेच झाला आहे. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत नीट पोचेल अशा गतीने बोललं, तर मराठीत दोन मिनिटांत साधारण २३० ते २५० शब्द होतात. ते पाच मुद्द्यांत वाटले की एकेकाच्या वाट्याला पंचेचाळीस-पन्नास येतात. त्यातले दहा-पंधरा 'ते म्हणाले' सांगण्यात जातात आणि उरलेल्या जागेत उत्तर मावत नाही, टोमणा मावतो. 'बस तर वाढवायच्याच आहेत!' हे चार शब्द पाहा. टाळी पडेल, पण मुद्दा होता तसाच उभा राहिला. परीक्षकांनी बोट ठेवलं असेल ते बहुधा इथेच.

तेव्हा आधी पाचातला एक निवडायचा. त्यासाठी प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारा: बाकीचे चार आम्ही जिंकलो आणि हा एकटा त्यांचा खरा ठरला, तर ठराव पडतो का? रिक्षावाल्यांचं नुकसान होतं असं मान्य केलं, तरी ठराव टिकतो. नवी बस, नवी मेट्रो, काहीही आलं की तो प्रश्न येतोच. 'किंमत राहत नाही' हे सुभाषित आहे, त्याने ठराव पडत नाही. गर्दी होईल म्हणणं म्हणजे लोक बस वापरतील याची कबुलीच आहे. राहिले दोन, पैसा कुठून आणि त्याच पैशात बस वाढवा. इथे बहुतेक जण पहिला निवडतात, कारण तो मोठ्या आवाजात येतो. पण खरा भक्कम मुद्दा दुसरा आहे.

का, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं लेखन यावर उभं आहे. 'पैसा कुठून' याला उत्तर देता येतं: अमुक कर, अमुक अनुदान. पण तुम्ही कुठलाही स्रोत सांगा, प्रतिपक्ष लगेच म्हणू शकतो, "वा, मग त्याच पैशात बस घ्या की!" म्हणजे पहिल्या मुद्द्याचं तुमचं प्रत्येक चांगलं उत्तर दुसऱ्या मुद्द्याला बळ देतं. शिवाय ऐकणाऱ्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी थांब्यावर अर्धा तास बसची वाट पाहिलेली आहे. 'फुकट पण न येणारी बस हवी, की तिकीट काढून वेळेवर येणारी?' असं कोणी विचारलं, तर परीक्षक मनातल्या मनात मान डोलावतात. ज्या मुद्द्याला परीक्षकांचा स्वतःचा अनुभव साक्ष देतो, तो टोमण्याने हलत नाही.

आता तो मुद्दा एका वाक्यात लिहून काढा, आणि तो प्रतिपक्षाने मांडला त्याहून चांगला लिहा. कसोटी अशी, की ते वाक्य ऐकून प्रतिपक्षाचा वक्ता म्हणाला पाहिजे, "हो, हेच म्हणायचं होतं मला." 'ते म्हणतात बस वाढवा' हे त्या कसोटीला उतरत नाही. 'प्रवाशाला फुकट बस नको, वेळेवर बस हवी, म्हणून पैसा फेऱ्यांवर खर्च करा' हे उतरतं. हे बारा शब्द आहेत. बारा-पंधराच्या पुढे गेलात, तर तुम्ही स्वतःच्या वेळेत त्यांचं भाषण करताय.

मग उत्तर कोणत्या प्रकारचं द्यायचं? मोहात पाडणारी तीन उत्तरं इथे तयार असतात आणि तिन्ही उलटतात. पहिलं, 'बस पुरेशा आहेत.' खोटं आहे, आणि सभागृहाला माहीत आहे. दुसरं, 'दोन्ही करू, बसही वाढवू आणि मोफतही करू.' तुमच्या कागदावर आहे ते हेच. प्रतिपक्षाचं म्हणणं असं आहे, की एक रुपया दोनदा खर्च करता येत नाही. त्यावर 'दोन्ही करू' हे उत्तर नाही, तो प्रश्न न समजल्याचा पुरावा आहे. तिसरं जरा हुशार वाटतं: 'परिवहन उपक्रम असाही तिकिटावर चालत नाही, महापालिकेच्या अनुदानावर चालतो, मग तिकीट काढून टाकलं तर काय बिघडलं?' वस्तुस्थिती खरी आहे. पण तुम्ही आत्ताच कबूल केलंत, की उपक्रम तोट्यात आहे. प्रतिपक्ष म्हणणार, तोटा आहे म्हणूनच तो वाढवू नका.

लक्झेंबर्गही काढून टाका. तो श्रीमंत आणि चिमुकला देश आहे, आणि मोफत करण्याआधीही तिथे वाहतुकीच्या खर्चाचा लहानसा भागच तिकिटातून निघत होता. तयारीचा प्रतिस्पर्धी एका वाक्यात तुमचं उदाहरण तुमच्यावर उलटवेल. सहज जाता जाता सांगतो, परदेशी उदाहरण कागदावर आलं की 'हेच उदाहरण मी समोरच्या बाजूने कसं वापरीन' हे बाजूला पेन्सिलीने लिहायची सवय लावा. ते लिहिता आलं, तर उदाहरण बदला.

चालणारं उत्तर असं आहे: त्यांचं अर्धं मान्य करा आणि उरलेल्या अर्ध्यात ते कोणाला विसरले ते दाखवा. फेऱ्या वाढल्या तर फायदा कोणाचा? जो आज तिकीट काढतो त्याचा. तिकीट परवडत नाही म्हणून जो पायी जातो, त्याला दर दहा मिनिटांनी आलेल्या बसचा काही उपयोग नाही. म्हणजे 'जास्त बस' आणि 'मोफत बस' हे एकाच माणसाला मदत करायचे दोन मार्ग नाहीत, ते दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. प्रतिपक्षाची तुलनाच इथे ढिली पडते. बसच्या संख्येबद्दल त्यांचं एकही विधान खोटं ठरवावं लागत नाही, म्हणून हे उत्तर छोटं राहतं.

याला एक पुरावा आहे आणि तो गमतीशीर आहे, कारण तो सहसा विरोधी बाजू वापरते. एस्टोनियाच्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये नोंदणीकृत रहिवाशांना बस मोफत केली. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की बसचा वापर वाढला, पण वाढ मोठ्या प्रमाणात पायी चालणाऱ्यांमधून आली. गाड्या सोडून आलेले फार नव्हते. 'मोफत बसने रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत' हे सांगायला हे उदाहरण देतात. तुमचा दावा गाड्या कमी करण्याचा नसून चालणाऱ्याला बसमध्ये आणण्याचा असेल, तर तोच पुरावा तुमचा होतो. मात्र मुख्य भाषणात 'वाहनकोंडी कमी होईल' असं कुठे लिहिलं असेल, तर ते वाक्य आधी खोडा. तेही ठेवाल आणि टॅलिनही आणाल, तर तुम्हीच तुम्हाला खोडून काढाल.

आता कागद असा होतो:

"प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा एकच आहे: प्रवाशाला फुकट बस नको, वेळेवर बस हवी, म्हणून पैसा फेऱ्यांवर खर्च करा. फेऱ्या कमी आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण वाढलेल्या फेऱ्यांचा फायदा कोणाला? ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत, त्यालाच. रबाळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा माणूस पायी जातो. जाऊन-येऊन २० रुपये धरले, तरी महिन्याचे २६ दिवस म्हणजे ५२० रुपये. त्याच्या समोरून दर दहा मिनिटांनी बस गेली, तरी तो चालतच राहील. एस्टोनियातल्या टॅलिन शहराने २०१३ साली रहिवाशांना बस मोफत केली. त्यानंतर बसमध्ये आले ते गाडीवाले फारसे नव्हते, पायी चालणारे होते. टीकाकार याला अपयश म्हणतात. आम्ही म्हणतो, तोच माणूस तर बसमध्ये यायला हवा होता. त्यांच्या योजनेत बसमधल्या प्रवाशाची दहा मिनिटं वाचतात. आमच्या ठरावात, जो बसमध्ये चढूच शकत नव्हता, तो चढतो. महानगरपालिकेची बस कोणासाठी, हा आजचा प्रश्न असेल, तर आधी त्याच्यासाठी."

हे सव्वाशेच्या आसपास शब्द आहेत, म्हणजे मिनिटाच्या थोडं वर. काय कुठे बसलं आहे ते बघा. पहिल्या वाक्यात त्यांचा मुद्दा, दुसऱ्यात कबुली, तिसऱ्यापासून उत्तर. घड्याळात उत्तर पंधराव्या सेकंदाच्या आत सुरू होतं. तुमच्या जुन्या कागदात तेवढ्या वेळात अभिनंदन आणि लशीचा प्रश्न झाला होता. लस आणि शिक्षणाची तुलना वाईट नाही, पण ती मुख्य भाषणातली आहे. खंडनात ती नवा मुद्दा ठरते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, की तुम्ही विषय बदलताय. 'झाडाची सावली' हे वाक्यही मला आवडलं. ते मुख्य भाषणाच्या शेवटाला न्या, तिथे भाषाशैलीचे गुण मिळवेल.

कबुलीच्या वाक्याबद्दल दोन शब्द. ते सात शब्दांचं आहे आणि तेवढंच राहू द्या. सरावात ते हळूहळू फुगतं: 'फेऱ्या कमी आहेत, गाड्या जुन्या आहेत, लोकांचे हाल होतात, हे सगळं आम्हाला मान्य आहे, पण'. परीक्षकांच्या कागदावर 'पण'च्या आधीचं सगळं प्रतिपक्षाच्या रकान्यात गेलेलं असतं. आणि कबुली आवाज पाडून देऊ नका. ती सहज दिलीत, तर पुढचं उत्तर जास्त भरवशाचं वाटतं.

वीस रुपये हा मी धरलेला आकडा आहे, म्हणूनच वाक्यात 'धरले' आहे. स्पर्धेच्या आधी घणसोली किंवा कोपरखैरण्याहून रबाळ्याला जाणाऱ्या बसमध्ये खरंच बसा, तिकीट काढा आणि तो आकडा घाला. गुणाकार बदलेल, तो पुन्हा करा. महिन्याच्या पासचा दर तिकिटांच्या बेरजेपेक्षा कमी असतो, तोही विचारून ठेवा, कारण 'पास काढला तर एवढे लागत नाहीत' असं प्रतिपक्षाने म्हटलं, तर पासचा आकडा तुमच्या तोंडी तयार हवा. पास एकरकमी भरावा लागतो, रोजंदारीवाल्याची अडचण तिथेच असते, हे एक वाक्य त्याला पुरेल.

शेवटची तीन वाक्यं या कागदाचं खरं काम करतात. बहुतेक खंडनं पुराव्यावर संपतात आणि 'दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर' असं चित्र उरतं. तुलना तुम्ही केली नाहीत, तर ती परीक्षक करतील, आणि थांब्यावर घालवलेला अर्धा तास त्यांना आठवतोच. म्हणून दहा मिनिटं वाचणं एका बाजूला आणि मुळात चढता येणं दुसऱ्या बाजूला, असं समोरासमोर ठेवायचं. इथे 'क्रांती', 'न्याय', 'समता' असले शब्द आले, की वजन उतरतं. चालणारा माणूस आणि बस, एवढंच दिसू द्या.

या उत्तराची एक दुखरी बाजू आहे. तुम्ही 'ज्याला परवडत नाही तो' हा माणूस समोर आणलात, की चलाख प्रतिपक्ष म्हणेल, "मग फक्त त्यालाच मोफत करा, सर्वांना कशाला?" खंडनानंतर त्यांना बोलायची संधी असेल, तर हे येणारच. ठरावात 'सर्वांसाठी' हा शब्द आहे, त्यामुळे तुम्हाला टाळता येणार नाही. यासाठी दोन-तीन वाक्यं राखीव ठेवा: "गरजू ठरवायचा कसा? उत्पन्नाचा दाखला काढायला रोजंदारीवाल्याला कामाचा दिवस बुडवावा लागतो. ज्याच्यासाठी सवलत, तोच कागदांत अडकतो." प्रतिपक्षाने हे आधीच मांडलं असेल, तर त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा बदलला असं समजा. मग वरच्या कागदातला टॅलिनचा भाग गाळून ही वाक्यं तिथे घाला. सर्वांसाठी आणि गरजूंसाठी हा वाद टॅलिनने सुटत नाही.

आता उरलेला पाऊण मिनिट. त्यात 'पैसा कुठून' एवढंच घ्या, तेही तीन वाक्यांत. महापालिका परिवहनला आजही अनुदान देते, तिकिटाचं उत्पन्न वर्षाला इतकं आहे, आणि ते महापालिकेच्या एकूण अर्थसंकल्पाच्या इतके टक्के होतं. परिवहन उपक्रमाचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडला जातो. त्यातली तिकीट उत्पन्नाची ओळ आणि महापालिकेची एकूण रक्कम, दोन्ही एकाच वर्षाच्या घ्या. एक गेल्या वर्षीची आणि एक यंदाची घेतलीत, तर पकडले जाल. टक्का काढल्यावर तो मोठा वाटला, तर आकडा न सांगणं परवडलं. तेव्हा स्रोतावर बोला, प्रमाणावर नको. गर्दीच्या मुद्द्याला 'गर्दी होईल म्हणणं म्हणजे लोक बस वापरतील याची कबुलीच' हे वर आलेलं एक वाक्य पुरे. उरलेल्या दोघांना हातच लावू नका. 'वेळेअभावी बाकी मुद्दे सोडते' असंही म्हणू नका, त्याने ते सुटल्याची नोंद होते.

असं केलंत, तर तुमचं बोलणं एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत संपेल. ते दहा सेकंद शब्दांनी भरू नका. इशाऱ्याची घंटा वाजली की बोलण्याचा वेग वाढतो आणि नेमकी तुलनेची वाक्यं गिळली जातात.

तयार कागदात सर्वांत जास्त फसतं ते पहिलं वाक्य. घरी लिहिलेला त्यांचा मुद्दा आणि प्रत्यक्षात बोलला गेलेला मुद्दा तंतोतंत जुळत नाही, आणि तरी वक्ता घरचंच वाचतो. मग प्रतिपक्ष म्हणतो, "हे आम्ही बोललोच नव्हतो," आणि सगळं खंडन हवेत जातं. म्हणून पहिल्या वाक्यात 'एकच आहे' पर्यंतच लिहा आणि पुढे दोन ओळी कोऱ्या सोडा. प्रतिपक्ष बोलत असताना कागदाच्या मधोमध घडी घाला. डावीकडे त्यांचे शब्द, जसेच्या तसे, मुद्द्यामागे पाच-सहा. उजवीकडे काही लिहू नका. त्यांचं बोलणं संपलं, की बस वाढवण्याच्या मुद्द्यावर त्यांनी वापरलेला शब्द, 'फेऱ्या' असो की 'वेळेवर' की 'नव्या गाड्या', त्या कोऱ्या ओळीत उतरवा. मग पुढच्या मजकुरात तोच शब्द येतो का ते बघा. ते 'नव्या गाड्या' म्हणाले असतील आणि तुम्ही 'वाढलेल्या फेऱ्यांचा' म्हणत असाल, तर ऐकणाऱ्याला दोन वेगळे मुद्दे वाटतात. तेवढा एक शब्द बदला.

आणि त्यांनी हा मुद्दा मांडलाच नाही, नुसतं 'पैसा कुठून' एवढ्यावरच थांबले, तर? मग हा कागद खिशातच राहू द्या. त्यांनी न मांडलेला भक्कम मुद्दा तुम्ही सभागृहाला शिकवायचं काही कारण नाही. अपवाद एकच: तुमच्यानंतर त्यांचा आणखी एक वक्ता उभा राहणार असेल आणि तो तयारीचा असेल. मग आधीच घेतलेला बरा, पण अर्ध्या लांबीत, टॅलिन वगळून, म्हणजे टॅलिन हातात शिल्लक राहील.

सरावाला दोघींपैकी एकीने प्रतिपक्ष व्हा आणि हा मुद्दा दर वेळी वेगळ्या शब्दांत मांडा, दुसरीने कोरी ओळ भरून बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एक वेळ टिपा: 'पण' हा शब्द कितव्या सेकंदाला आला. वीसच्या पुढे गेला, तर कात्री पहिल्या दोन वाक्यांना लावा, पुढच्या मजकुराला नको.